लास्ट वर्किंग डे

आमचं गाव झरी जामणी. यवतमाळ जिल्ह्याच्या पार टोकाला, जिथून तेलंगण हाकेच्या अंतरावर आहे. बाबा तहसील ऑफिसात, त्यामुळे निरोप समारंभ मी लहानपणापासून पाहत आलेय. कोणाची बदली झाली की ऑफिसच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडायच्या, शाल-श्रीफळ, चिवडा-पेढा, आणि मग भाषणं. भाषणं कंटाळवाणी असायची, पण एक गोष्ट होती. त्या व्हरांड्यात साहेबापासून शिपाई-कोतवालापर्यंत सगळे हजर असायचे. जाणारा माणूस जे बोलायचा ते सगळ्यांच्या कानावर पडायचं.

आता आपल्या पिढीचा निरोप समारंभ म्हणजे एक ई-मेल. शेवटच्या दिवशी 'ऑल स्टाफ'ला टाकायचा, की झाले आपण मोकळे. मागच्या उन्हाळ्यात दोन महिने एका कारखान्यात ट्रेनिंग केलं, तेव्हा असा मेल मीही लिहिला. तो इतका चुकला की त्यावर हा लेख होतोय. (वणीला मावशीकडे राहून कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तेव्हा मराठीतल्या चुका पोटात घाला.)

माझा मेल असा होता : ट्रेनिंगमध्ये खूप शिकायला मिळालं, प्रत्यक्ष-अप्रत्यक्षपणे मदत करणाऱ्या सर्वांचे आभार, संपर्कात राहू या. खाली कॉलेजचा मेल आयडी. वेळ, संध्याकाळचे पाच चाळीस. 'सेंड' दाबलं, आयकार्ड जमा केलं आणि निघाले.

गेटवर आमचे फिटर काका भेटले. ते ठेकेदाराकडून होते, कायम कामगार नव्हेत. ते म्हणाले, "काय वं पोरी, सगळ्यायले मेल टाकला म्हणे तुनं. आमाले त नाही आला."

मी गप्पच झाले. कारण माझ्या प्रोजेक्टमधलं एकुलतं एक खरं शिक्षण या काकांनी दिलं होतं. माझं काम होतं कन्व्हेयरच्या बेअरिंगांचं तापमान रोज टिपायचं. हातात इन्फ्रारेड गन, बटण दाबलं की आकडा. एका बेअरिंगचं तापमान रोज बाकीच्यांपेक्षा बरंच कमी यायचं आणि मी खुशीत 'कंडिशन गुड' लिहायचे. काकांनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्या बेअरिंगच्या चकचकीत हाउसिंगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला. "आता टेपवर मार." आकडा एकदम वर गेला! चकचकीत धातू उष्णता कमी उत्सर्जित करतो, म्हणून गन त्याचं तापमान खरं आहे त्याहून कमी दाखवते. 'एमिसिव्हिटी' हा शब्द मी परीक्षेत लिहिला होता, काकांनी तो कधी ऐकलाही नसेल. पण बेअरिंग त्यांनी ओळखलं, मी नाही. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हाउसिंगला लावून मूठ कानाशी धरायला सांगितली. आतली खरखर स्पष्ट ऐकू आली.

हे सगळं माझ्या मेलमध्ये 'प्रत्यक्ष-अप्रत्यक्षपणे' या एका शब्दात गडप झालं होतं. आणि तो शब्दसुद्धा काकांपर्यंत पोचला नव्हता, कारण त्यांना कंपनीचा मेल आयडीच नाही. 'ऑल स्टाफ' ही एक यादी असते आणि तिच्यात फक्त कंपनीचं खातं असलेले लोक असतात. कारखाना असो की आपलं कॉलेज, ठेक्यावरचे लोक, कँटीनवाले, वॉचमन बहुधा त्या यादीत नसतात. म्हणजे ज्यांच्या हाताखाली आपण काम शिकतो, नेमके तेच वगळून आपण 'सर्वांचे' आभार मानतो.

तर माझं मत असं. शेवटच्या दिवसाच्या मेलमध्ये भावना कमी असल्या तरी चालतील, पण आभारात माणूस आणि त्याने केलेलं काम दोन्ही पाहिजे. आणि ते आभार त्या माणसापर्यंत पोचले पाहिजेत.

कोणी म्हणेल, मोठे लोक कुठे इतकं लिहितात? तर दोन उदाहरणं मुंबईच्या रिझर्व्ह बँकेचीच घ्या. १८ जून २०१६ ला गव्हर्नर रघुराम राजन यांनी सहकाऱ्यांना पत्र लिहून कळवलं की सप्टेंबरमध्ये मुदत संपली की आपण अध्यापनाकडे परत जाणार. त्या पत्रात तीन वर्षांत कोणतं काम झालं हे आहे, आणि कोणतं अर्धवट राहिलं हेही आहे : पतधोरण समिती अजून बसायची होती आणि बँकांच्या ताळेबंदांची साफसफाई चालू होती. त्यांच्यानंतरचे ऊर्जित पटेल १० डिसेंबर २०१८ ला अचानक पायउतार झाले. त्यांचं निवेदन चार-पाच वाक्यांचं. वैयक्तिक कारण, बँकेत काम करायला मिळाल्याचा मान, कर्मचाऱ्यांचे आणि संचालकांचे आभार, बस्स. त्यात कोणी काय केलं हे नाही, आणि तशा निवेदनात ते बसलंही नसतं. दोन्ही मजकूर सबंध देशाने वाचले. आपला मेल मात्र दोन-चारशे माणसंच वाचणार. म्हणजे आपल्याला एकेका माणसाचं नाव घ्यायची जी सोय आहे, ती गव्हर्नरलाही नव्हती. मग ती वाया का घालवायची?

आता माझ्या बाकीच्या चुका, कारण पुढच्या सेमला तुमच्यापैकी बरेच जण ट्रेनिंगला जाणार.

पहिली चूक वेळेची. नो-ड्यूज फॉर्मवर शेवटची सही झाली की आयटीवाले खातं बंद करतात, बरेचदा त्याच संध्याकाळी. पाच चाळीसला टाकलेल्या मेलची उत्तरं सहानंतर येतात. खातं पूर्ण काढलेलं असेल तर उत्तर देणाऱ्याला `550 5.1.1` असा परतीचा मेल येतो, म्हणजे हा पत्ताच नाही. पण खातं नुसतं कुलूपबंद असेल तर उत्तर आत जाऊन पडतं, परत काहीच येत नाही, आणि पाठवणाऱ्याला वाटतं पोरीने साधं उत्तरही दिलं नाही. म्हणून मेल जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच टाका. दोन-तीन तास हातात राहतात.

दुसरी चूक पत्त्याची. मी कॉलेजचा आयडी दिला. तो आपण पास झालो की केव्हा बंद होईल सांगता येत नाही. दोन वर्षांनी कोणी 'आमच्याकडे जागा निघालीय' म्हणून लिहिलं, तर ते कुठे जाणार? स्वतःचा कायमचा पत्ता द्या, आणि तो धड असू द्या. अकरावीत काढलेला 'कूल डूड'वाला नको. मोबाईल नंबर मात्र सगळ्या यादीला देऊ नये असं माझं मत आहे, मुलींनी तर नाहीच. मेल कोण कुठे फॉरवर्ड करेल यावर आपला ताबा नसतो. ज्यांच्यासोबत काम केलं त्यांना नंबर वेगळा द्यावा.

तिसरी गोष्ट 'टू' आणि 'बीसीसी'ची. सगळी यादी 'टू'मध्ये टाकली की कोणीतरी 'रिप्लाय ऑल' करून 'ऑल द बेस्ट' म्हणतो आणि ते दोन-चारशे जणांना जातं. हसू नका, १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टमध्येच हे झालं होतं. सुमारे तेरा हजार जणांच्या एका यादीवर एकाने विचारलं, मी या यादीत का, मला काढा. बाकीचे 'मलाही काढा' असं सगळ्यांना लिहीत सुटले. सुमारे दीड कोटी मेल फिरले आणि सर्व्हर बसले. त्या यादीचं नाव होतं `Bedlam DL3`. उपाय अगदी सोपा : 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता, 'बीसीसी'मध्ये यादी. मग 'रिप्लाय ऑल' केलं तरी उत्तर फक्त तुमच्याकडे येतं. अर्थात ट्रेनीला मोठ्या यादीवर लिहिण्याची परवानगी बहुधा नसते, तेव्हा आधी एचआरला विचारा. नाही म्हणाले तर आपल्या विभागापुरता मेल टाका.

आज तोच मेल लिहायचा झाला तर मी असा लिहीन :

विषय : आज शेवटचा दिवस – मेकॅनिकल ट्रेनी (तुमचं नाव)

नमस्कार. माझं दोन महिन्यांचं ट्रेनिंग आज संपतंय. फिटर अमुक काकांनी चकचकीत हाउसिंगवर टेप लावून तापमान घ्यायला शिकवलं, त्यामुळे माझ्या चुकीच्या नोंदी सापडल्या. स्टोअरच्या अमुक मॅडमनी जुन्या बेअरिंगांच्या नोंदी शोधून दिल्या. नोंदवही मेंटेनन्सच्या कपाटात आहे, शेवटच्या आठवड्याच्या नोंदी अजून तपासायच्या आहेत. यापुढे माझा पत्ता : `tumche.naav@example.com`. धन्यवाद.

एवढाच. अर्ध्या मिनिटात वाचून होतो. 'अमुक'च्या जागी खरं नाव घालायचं, इथे छापायला नको म्हणून दिलं नाही. नावं तीन-चारच घ्या, नाहीतर पुन्हा 'सर्वांचे आभार'च होतात. आणि कोणाची चूक दाखवणारं काही असेल, तर ते यात नको.

आता राहिला काकांपर्यंत पोचायचा प्रश्न. माझं खातं बंद झालं होतं. घरी येऊन मी कागदावर मराठीत पत्र लिहिलं, टेपची गोष्ट तारखेसकट, आणि मेंटेनन्सच्या सुपरवायझर सरांना पोस्टाने पाठवलं. फिटर लोक शिफ्ट बदलताना जिथे बसतात, तिथे बोर्डावर लावा अशी विनंती केली. त्यांनी लावलं. पंधरा दिवसांनी त्यांच्याच फोनवरून काका बोलले. मला वाटलं, खूश झाले असतील. काकांनी कामाचं विचारलं : "त्या पत्राची येक झेरॉक्स भेटन काय? नवा ठेकेदार आला का दाखवाले बरं पडते."

दर वेळी ठेकेदार बदलला की त्यांचा अनुभव पुन्हा शून्यापासून मोजला जातो, कारण त्यांनी काय केलं हे कुठे लिहिलेलंच नसतं. आपल्याला ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मिळतं. ते ज्यांच्यामुळे मिळतं त्यांच्याजवळ एक ओळही नसते. मी लॅमिनेट करून दोन प्रती पाठवल्या.

जाता जाता एक. आपल्या हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशींना आणि रात्रपाळीच्या वॉचमन काकांनाही मेल आयडी नाही. फायनल इयरवाल्यांनो, मे महिना जवळ येतोय. बघा, पटतंय का!