बाईंना रजेचा अर्ज

शेजारचा पाचवीतला मुलगा दोन दिवस तापाने घरी होता. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आईने डबा भरला, तरी पोरगा उंबऱ्यातून हलेना. "अर्ज नाही नेला तर बाई रागावतील," म्हणाला. आईला कामावर जायची घाई. तिने त्याला आमच्याकडे पाठवले. आम्ही पेन त्याच्याच हाती दिले.

त्याने लिहिले : "बाई, मला ताप होता म्हणून मी आलो नाही." खोटे काहीच नव्हते. पण कोणता मुलगा, कोणते दिवस, हे कागदावर कुठेच नव्हते. मग हजेरीपटात बाईंनी काय पाहायचे? तेव्हा त्याने पुन्हा असे लिहिले :

दि. १७ जुलै २०२५

प्रति,
मा. वर्गशिक्षिका,
इयत्ता ५ वी, तुकडी ब,
(शाळेचे नाव व गाव)

विषय : दोन दिवसांची रजा मिळण्याबाबत.

महोदया,
मला ताप आल्यामुळे मी मंगळवार दि. १५ व बुधवार दि. १६ जुलै रोजी शाळेत येऊ शकलो नाही. तरी कृपया या दोन दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
(पूर्ण नाव)
हजेरी क्रमांक २३

पालकांची सही :

मुलांची चूक बहुधा तारखांत होते. वरची तारीख अर्ज लिहिला त्या दिवसाची. रजेच्या तारखा आतल्या मजकुरात येतात. आमच्या या पोरानेही आधी वर १५ तारीखच घातली होती.

मावशीच्या लग्नाला गावी जायचे असेल तर अर्ज जाण्याआधी द्यावा. तेव्हा "येऊ शकलो नाही" ऐवजी "येऊ शकणार नाही" असे लिहावे. मुलगी असेल तर "येऊ शकले नाही" आणि शेवटी "आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी". वर्गाला सर असतील तर "वर्गशिक्षक" आणि "महोदय".

कारण एका वाक्यात पुरे, पण खरे असावे. लग्नाला जाऊन ताप लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने हातावरची मेंदी दाखवली, तर पुढचा खरा तापही बाईंना खोटा वाटेल.

सही मात्र मुलाने करायची नाही. आईची अक्षरे वाकडी येत असली तरी तिचीच सही हवी, कारण मूल घरच्यांना सांगून घरी राहिले होते, हे बाईंना त्या सहीवरूनच कळते.

त्या दिवशी आईने दारातच, पिशवी काखेत धरून, एकेक अक्षर जुळवत सही केली. पोराने कागदाची घडी वहीत ठेवली आणि तो शाळेच्या वाटेला लागला.