एकत्रीकरण कुणाचं आणि किंमत कुणी मोजायची?



हसनाबाद परिसरात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या आपल्या एका ताईच्या घरी आम्ही बसलो होतो. पती राज्य शासनात गट ब अधिकारी. बदली नाशिकला झालेली. घरात ठरून गेलं होतं की ताईंनी आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरायचा. शिकलेली, चळवळीतली माणसं. पण हा निर्णय चर्चेला आलाच नाही.

आम्ही विचारलं, ज्येष्ठतेचं काय?

जिल्हा परिषद शिक्षकांची सेवाज्येष्ठता यादी जिल्ह्याची असते. जालना जिल्ह्यातच शाळा बदलली तर ज्येष्ठता जात नाही. पती-पत्नीच्या नोकरीच्या ठिकाणांत 30 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर जिल्ह्यांतर्गत बदलीत एकत्रीकरणाचा प्राधान्यक्रमही मिळतो. पण जिल्ह्याची सीमा ओलांडली की नव्या जिल्ह्यात हजर झालेल्या दिवसापासून ज्येष्ठता मोजतात. पगार टिकतो, जुनी सेवा पेन्शनला धरतात. मुख्याध्यापकपदाच्या रांगेत मात्र शेवटी उभं राहावं लागतं. समजा ताईंची सेवा 12 वर्षांची. नाशिकमध्ये त्यांच्या आधी आठवडाभर रुजू झालेला नवखा शिक्षक यादीत त्यांच्या वर! आणि 2005 च्या बदली कायद्यानुसार पतीचा एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. म्हणजे तीन वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा शून्य.

आपल्या लेकींपुढे आणखी एक अडचण आहे. दुसऱ्या जिल्ह्यात जायला तिथल्या बिंदुनामावलीत स्वतःच्या प्रवर्गाची जागा रिक्त लागते. शाळेत जागा रिकामी आहे, पण अनुसूचित जातीचा बिंदू भरलेला दाखवला आहे, तर अर्ज पडून राहतो. बिंदू खरंच नियमानं भरलाय का, हे कोण तपासतो? म्हणून अर्जाआधी माहिती अधिकारात त्या जिल्ह्याची प्रमाणित बिंदुनामावली आणि आपल्या प्रवर्गाची रिक्त पदं मागवा. तोंडी "जागा आहे" यावर घर हलवू नका.

मग करायचं काय? आमचं म्हणणं सरळ आहे. ज्याची नोकरी राज्यभर फिरते त्यानं अर्ज करावा. जिची ज्येष्ठता जिल्ह्याला बांधलेली आहे तिनं खुंटा सोडू नये. बदल्या साधारण एप्रिल-मे महिन्यांत होतात. पतीनं त्याआधीच पत्नीच्या सेवेचा दाखला जोडून लेखी पसंती द्यावी: जालना, भोकरदन, नाहीतर शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं सिल्लोड किंवा फुलंब्री. सिल्लोडला पती आणि भोकरदन तालुक्यात पत्नी, असा संसार जिल्हा न बदलता चालतो. पसंती मान्य होईलच असं नाही. तीन वर्षं दोन घरं चालवावी लागतील, भाडं दुप्पट, लेकरांची ओढाताण. हा त्रास खरा आहे, आम्ही तो लहान मानत नाही. पण तो तीन वर्षांचा. गेलेली बारा वर्षं परत येत नाहीत.

ताईंचे पती बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अर्ज मी करायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नाही." सांगितलं नाही हे खरं. पण भाऊ, तुम्ही विचारलं होतं का?