व्याख्येतले घर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पाणी पुन्हा आले. तेव्हापासून कोल्हापुरात घराचा विमा उतरवणारे वाढलेले मला माझ्याच ओळखीच्या कुटुंबांत दिसतात. त्यांतले काही जण पॉलिसीची जाड पुस्तिका घेऊन येतात आणि विचारतात, "जरा वाचून सांगता का?" मी पहिल्यांदा शब्दार्थांचे पान उघडतो. हप्त्याचा आकडा नंतर.

एप्रिल २०२१ मध्ये देशातल्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक मसुद्याची पॉलिसी देणे बंधनकारक झाले. तिच्यात काही शब्दांचे खास अर्थ एका तक्त्यात दिले आहेत. पुढे तोच शब्द जिथे येईल तिथे त्याचा तोच अर्थ घ्यायचा. अशा शब्दाचे पहिले अक्षर इंग्रजीत मोठे छापतात, म्हणजे वाचणारा थबकतो आणि तक्ता पाहतो. आपल्या देवनागरीत मोठे अक्षर नाही. त्यामुळे मराठीत समजावून सांगताना 'घर' हा तक्त्यातला शब्द आणि रोजच्या बोलण्यातले घर एकच वाटू लागतात. निदान ठळक ठसा तरी हवा.

'कार्पेट एरिया' हा शब्द घ्या. रेरा कायद्यानुसार फ्लॅटच्या करारात जो कार्पेट एरिया लिहितात त्यात बाल्कनी, व्हरांडा आणि गच्ची धरत नाहीत. विम्याच्या तक्त्यात मूळ खोल्यांचे माप जवळपास तसेच घेतात, पण बाल्कनी, व्हरांडा, गच्ची, पार्किंग यांच्या वापरण्याजोग्या क्षेत्राचा चौथा हिस्सा त्यात मिळवतात. शब्द एक, कागद दोन आणि मापेही दोन.

हिशेबच करू. समजा, आतल्या खोल्या ६०० चौरस फूट, व्हरांडा ८० आणि पार्किंग १२०. बिल्डरच्या करारात आकडा ६००. विम्याच्या व्याख्येने २०० चा चौथा हिस्सा ५० मिळवून तो ६५० होतो. बांधकामाचा खर्च चौरस फुटाला २,००० रुपये धरला, तर विम्याची रक्कम १२ लाखांऐवजी १३ लाख व्हायला हवी. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळते, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. म्हणजे तिथेही २ लाख ४० हजारांच्या जागी २ लाख ६० हजार. अर्ज भरताना करारातला आकडा जसाच्या तसा उतरवला, तर हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. नुकसानीच्या दिवशी मात्र भरपाईची कमाल मर्यादा कमीच राहते.

त्या 'सामाना'तही दोन वर्ग आहेत. टेबल, फ्रीज, कपडे, भांडी हे सर्वसाधारण सामान. दागिने, चांदीची भांडी, चित्रे हे मौल्यवान सामान. आपोआप मिळणारे २० टक्के फक्त पहिल्या वर्गासाठी. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. मसुद्यात पुढे कुठे नुसते 'वस्तू' किंवा 'ऐवज' असे लिहिले असते, तर हे दोन वर्ग एकमेकांत मिसळले असते आणि वाद उभा राहिला असता. शाळेत गुरुजी निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा नको म्हणायचे. करारात नेमके उलटे करायचे असते. शब्द बदलला की वाचणारा विचारतो, अर्थही बदलला का? संदिग्धता राहिली तर तिचा अर्थ कंपनीविरुद्ध लावावा, हे सर्वोच्च न्यायालयाने चंदमल जैन प्रकरणात १९६६ मध्येच सांगितले आहे.

पण व्याख्या स्पष्ट असेल, तर तीच चालते. २००४ मध्ये हरचंद राय चंदन लाल या प्रकरणात गोदामातला माल चोरीला गेला होता. पॉलिसीने घरफोडीच्या व्याख्येत बळाचा वापर आणि हिंसक प्रवेश घातला होता, आणि जबरदस्तीने आत शिरल्याची खूण नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने भरपाई नाकारली. चोरी झालेली असूनही. मला हा निकाल कठोर वाटतो, पण चुकीचा म्हणवत नाही. व्यापाऱ्याच्या मनातल्या 'चोरी'साठी हप्ता घेतलाच नव्हता.

मग माझी तक्रार कशाबद्दल? कंपनीने मराठीत पत्रक काढले, तर त्यात फायद्यांची यादी असते, तक्ता नसतो. एखाद्याने भाषांतर केलेच, तर एका पानावर 'इमारत', दुसऱ्यावर 'वास्तू', तिसऱ्यावर 'घर'. तिन्ही शब्द चांगले, पण मूळ मजकुरात शब्द एकच होता. भाषांतर करणाऱ्याने आधी तक्त्यातल्या प्रत्येक शब्दाला एकच मराठी शब्द ठरवून तो कागदावर लिहावा आणि मगच पहिल्या कलमाला हात घालावा. काम संपल्यावर एकेक शब्द घेऊन सगळी पाने चाळावीत. हे कंटाळवाणे काम तीसेक पानांना एका संध्याकाळी उरकते.

तोवर एक करा. पॉलिसी आली की तक्त्यातले शब्द शोधून पुस्तिकेत जिथे जिथे येतात तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि अर्जातला कार्पेट एरिया टेपने पुन्हा मोजा, व्हरांड्यासकट.