जमेची बाजू, नावेची बाजू

कापडबाजारातील दुकान बंद झाले तेव्हा थोरला मुलगा बारावीत होता. गिऱ्हाइकांकडची उधारी वहीतच राहिली आणि घाऊक व्यापाऱ्यांचे देणे मात्र आईचे दागिने मोडून फेडावे लागले. पुढे हाच मुलगा परीक्षा देऊन सरकारी बँकेत अधिकारी झाला. ज्या घराला दर महिन्याची अखेर जड जात असे, तेथे ठरलेल्या तारखेला पगार जमा होऊ लागला. म्हणून सात वर्षांनी एका रात्री त्याने नोकरी सोडण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा घरात जणू दुसऱ्यांदा दुकानाचे शटर पडले.

आठवड्याभरात सगळ्यांचे फोन येऊन गेले. मामा म्हणाले, “नोकरीत त्रास कुणाला नसतो? तोंड मिटून दिवस काढायचे असतात.” काकांनी धाकट्या बहिणीचे स्थळ ठरेपर्यंत थांबण्यास सांगितले, भाऊ बँकेत अधिकारी आहे ही ओळ तिच्या परिचयपत्रात होतीच. आत्याला कुणाची तरी दृष्ट लागल्याची खात्री होती. यांपैकी कुणीही वाईट चिंतणारे नव्हते. मात्र त्याला नेमके काय होते, हे एकानेही विचारले नाही. वडील तर बोललेच नाहीत.

त्याला काय होत होते, ते पत्नीला ठाऊक होते. रविवारी दुपारपासून त्याच्या पोटात कळ येई, रात्री तीनच्या सुमारास जाग येई आणि पुन्हा डोळा लागत नसे. सूर्यास्तापूर्वी सर्वांनी एकत्र जेवायचे, हा घराचा नेम. शाखेतून घरी पोहोचायला त्याला साडेआठ वाजत, म्हणून आठवड्यातून पाच दिवस तो दुपारच्या डब्यावरच राही. हेही त्याने निभावले असते. खरी सल वेगळीच होती. मुदत ठेवीसाठी आलेल्या माणसाला विमा पॉलिसी विकण्याचे लक्ष्य शाखेवर असे आणि सायंकाळी त्याचा हिशेब द्यावा लागे. एक वृद्ध विधवा पतीच्या निवृत्तीचे पैसे ठेवण्यास आली होती. तिला त्याने दहा वर्षे हप्ते भरण्याची पॉलिसी दिली. वर्षभराने ती दुसरा हप्ता कशाचा, असे विचारत आली, तेव्हा त्याला तिच्या नजरेला नजर देता आली नाही. ग्राहकाच्या गळ्यात अशा पॉलिसी मारू नयेत, असे रिझर्व्ह बँक आणि अर्थ मंत्रालय वेळोवेळी बजावत असतात. शाखेतील सायंकाळचा फोन मात्र थांबत नाही. वजनात खोट न करण्याचे शिक्षण ज्याला दुकानाच्या गल्ल्यावर मिळाले, त्याच्या पोटात रविवारी कळ यावी, हा नाजूकपणा नव्हे.

पत्नीने त्याला आधी डॉक्टरांकडे नेले, आणि ते योग्य झाले. डॉक्टरांनी प्रश्न विचारला तो सुट्टीविषयी. पर्युषणात आठ दिवस रजा घेतली होती, तेव्हा झोप कशी होती? तिसऱ्या दिवसापासून शांत लागली आणि रजेच्या शेवटच्या संध्याकाळी पुन्हा गेली, असे त्याने सांगितले. हा फरक महत्त्वाचा असतो. दोन-दोन आठवडे, अगदी सुट्टीतही मन उठत नसेल, आवडत्या माणसांतही रस वाटत नसेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि तेव्हा राजीनाम्याआधी उपचार लागतो, कारण तशा मनाने घेतलेला निर्णय पुढच्या कामातही सोबत येतो. येथे कारण कामाशी बांधलेले दिसत होते. तरीही झोप सुधारेपर्यंत काहीही लिहून देऊ नकोस, असे डॉक्टरांनी बजावले.

दुसरी खात्री त्याने स्वतः केली. त्रास शाखेचा की कामाचा, हे पाहण्यासाठी बदली मागितली. ती मिळाली, नवे शाखाधिकारी सज्जन होते आणि चार महिने बरे गेले. मार्च जवळ आला तशी तीच यादी, तोच फोन, तीच रविवारची कळ. माणूस बदलून प्रश्न सुटला नव्हता.

त्यानंतर एका दुपारी वडिलांनी त्याला हाक मारली आणि समोर कोरी वही ठेवली. तोट्यातील दुकान चालवावे की मिटवावे, हे व्यापारी वहीवरून ठरवतो; नोकरीच्या बाबतीत मात्र घरादाराने केवळ जमेची बाजू लिहिली होती. नोकरी गेली तर नेमके काय जाते, हे त्या दिवशी प्रथमच मांडले गेले.

पाच वर्षे सलग सेवा झाली असल्याने राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळणार होती. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ९०,००० रुपये. त्याला २६ ने भागून १५ दिवसांचे ५१,९२३ रुपये, आणि सात वर्षांचे सुमारे ३ लाख ६३ हजार. राष्ट्रीय पेन्शन योजनेचे खाते त्याच क्रमांकाने पुढे चालू राहणार होते. ही रक्कम बुडते असे मामांना वाटत होते, ते खरे नव्हते.

जाणार होते ते वेगळेच. घराच्या कर्जाला कर्मचाऱ्यांची सवलत होती. ती संपल्यावर उरलेल्या २४ लाखांवर १५ वर्षांसाठी साडेआठ टक्के धरले, तर हप्ता १९,००० वरून सुमारे २३,६०० वर जाई. दुसरी गोष्ट आरोग्यविम्याची. बँकेच्या सामूहिक विम्यात आई-वडील होते आणि वडिलांना मधुमेह. स्वतंत्र पॉलिसीत पहिले तीस दिवस अपघाताखेरीज दावा चालत नाही आणि जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. रागाच्या भरात राजीनामा देणारे बहुधा येथेच फसतात. नोकरी असतानाच पॉलिसी घ्यायची असते, आणि अर्जात मधुमेह लपवायचा नसतो.

घराचा खर्च नव्या हप्त्यासह ५२,००० आला. पत्नी शिकवण्या घेऊन १८,००० मिळवत होती. महिना ३४,००० ची तूट. तीन लाख त्रेसष्ट हजारांत ती दहा महिने भरून निघते आणि चार लाखांची ठेव हातास न लागता राहते. या दहा महिन्यांत त्याने व्यापाऱ्यांचे कर्जप्रस्ताव, कॅश क्रेडिटची नूतनीकरणाची कागदपत्रे, मालसाठ्याची पत्रके तयार करून देण्याचे काम उभे करायचे होते. कर्जप्रस्ताव का नाकारला जातो, हे टेबलाच्या पलीकडे बसून त्याने सात वर्षे पाहिले होते. आठव्या महिन्यापर्यंत निम्मी तूट भरून निघाली नाही, तर खासगी कंपनीच्या लेखाविभागात नोकरी पाहायची, असे वहीतच लिहिले.

वडिलांनी एकच अट घातली. अर्धे शुल्क आधी, उरलेले कागद हाती देताना. उधारी एकाचीही नाही, मग तो सख्खा मामा का असेना. इतके दिवस ते का गप्प होते, ते मुलाला तेव्हा समजले. नोकरी सुटण्याचे भय त्यांना नव्हते. मुलाच्या वहीत पुन्हा ती न येणारी नावे पाहण्याचे होते.

पॉलिसीचा हप्ता त्याच आठवड्यात भरला. नियुक्तीपत्रातील अटीनुसार तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते, म्हणजे मार्चअखेर एकदा सोसणे भाग आहे. काकांना वडिलांनीच फोन करून, स्थळ पाहणाऱ्यांना खरे काय ते सांगावे असे कळवले. मामांचा राग अजून गेलेला नाही. त्यांच्या स्वतःच्या दुकानाच्या कॅश क्रेडिटचे नूतनीकरण मेमध्ये आहे, आणि ते काम भाच्याकडे द्यावे की नाही याचा त्यांनी अद्याप निर्णय केलेला नाही.