६२५ म्हणजे ‘जादा पॉवर’ नव्हे

मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण विषय तुमच्या-आमच्या घरातल्या औषधांच्या डब्याचा आहे. वेळ काढून वाचा.

चाकणपासून निघोजे-महाळुंगेपर्यंत कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर दहा मिनिटं उभं राहून बघा. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. “सर्दी-ताप आहे, घसा धरलाय, ६२५ द्या.” मेडिकलवाला कात्री घेतो, स्ट्रिप कापतो, तीन गोळ्या पुढे सरकवतो. “साध्या गोळीनं आता काय होत नाय, ही पावरची घ्या,” हे वर फुकट ज्ञान.

माझं भांडण या ‘पावर’ शब्दाशी आहे. ६२५ मध्ये पॉवर जास्त नाही. ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड, एवढाच हिशेब. अमॉक्सिसिलिन म्हणजे पेनिसिलिनच्या घरातलंच औषध. साध्या ५०० च्या गोळीत ते तेवढंच असतं. मग वरचे १२५ कशासाठी? हे ना विकणारा सांगतो, ना घेणारा विचारतो. आणि हे ज्या पट्ट्यात घडतं, तिथेच, पिंपरीत, १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. सरकारी मालकीची देशातली पहिली औषध कंपनी. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. आपण ज्याला नुसतं ‘एच.ए.’ म्हणतो, ते गावच पेनिसिलिनवर वाढलं. तिथल्या लोकांना तरी ही गोष्ट माहीत हवी.

आधी पेनिसिलिन काय करतं ते बघू. जंतूच्या भोवती एक भिंत असते, जाळीसारखी. जंतू वाढतो तशी ही जाळी सतत जोडावी लागते. जोडणारी यंत्रं जंतूकडेच असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर वेल्डिंगचे रोबोट. पेनिसिलिनचा रेणू या रोबोटला खऱ्या पार्टसारखाच दिसतो. रोबोट त्याला जबड्यात धरतो आणि तिथेच अडकतो, सुटत नाही. भिंतीची जोडणी थांबते आणि जंतू फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते, म्हणून औषध जंतूला मारतं आणि आपल्याला सहसा सोसतं. ज्यांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या ती जिवावर बेतू शकते.

ही अडकवण्याची ताकद येते एका छोट्या कड्यातून. तीन कार्बन, एक नायट्रोजन, असं चार अणूंचं चौकोनी कडं. त्याचं नाव बीटा-लॅक्टम. चौकोनात वाकवलेलं असल्यामुळे ते दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखं ताणलेलं असतं. रोबोटनं धरलं की फट्कन उघडतं आणि त्याला चिकटतं. कडं शाबूत, तर औषध शाबूत. कडं आधीच उघडलं, तर गोळी पोटात जाऊनही उपयोग शून्य.

जंतूंनी नेमकी हीच दुखरी नस पकडली. बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम ते तयार करतात. हे एन्झाइमही कड्याला धरतं, उघडतं, पण रोबोटसारखं अडकून बसत नाही. पाण्याचा एक रेणू वापरून ते मोडलेलं औषध झटकून टाकतं आणि पुढचा रेणू धरायला मोकळं होतं. ई. कोलायसारख्या जंतूंमध्ये सर्रास सापडणारं टेम-१ हे एन्झाइम सेकंदाला हजाराच्या घरात पेनिसिलिनचे रेणू तोडतं. अशा जंतूपुढे गोळी दुप्पट करून काय होणार?

आणि हे काही आजचं नाही. पेनिसिलिन फोडणाऱ्या एन्झाइमची नोंद अब्राहम आणि चेन या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी डिसेंबर १९४० मध्ये छापली. ऑक्सफर्डमध्ये पहिल्या पेशंटवर पेनिसिलिनचा उपचार सुरू झाला फेब्रुवारी १९४१ मध्ये. म्हणजे चोर आधीपासून घरात होता. आपण औषध वापरत गेलो तसे एन्झाइमवाले जंतू वाचत गेले, बाकीचे मेले, आणि वाचलेल्यांचीच पिलावळ वाढली.

आता ते १२५ मिलिग्रॅम. स्ट्रेप्टोमायसीस क्लॅव्ह्युलिजेरस नावाच्या मातीतल्या जंतूपासून इंग्लंडच्या बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड वेगळं केलं. १९८१ मध्ये ते अमॉक्सिसिलिनसोबत बाजारात आलं. एकट्यानं जंतू मारायला ते जवळजवळ निकामी आहे. पण त्यातही तेच चौकोनी कडं आहे. एन्झाइम त्याला नेहमीचं पेनिसिलिन समजून धरतं, कडं उघडतं, आणि इथे फसतं. कडं उघडल्यावर हा रेणू आतल्या आत आपलं रूप बदलतो आणि एन्झाइमच्या जबड्यात असा घट्ट बसतो की पाण्यालाही तो झटकता येत नाही. एन्झाइम कायमचं जाम. शेजारी अमॉक्सिसिलिन असतंच, ते मोकळेपणानं भिंतीच्या रोबोटकडे जातं.

पण इथेही हिशेब आहे. प्रत्येक वेळी फासा बसतोच असं नाही. टेम-१ चा एक रेणू कायमचा निकामी होईपर्यंत क्लॅव्ह्युलॅनिकचे शंभराहून जास्त रेणू खर्ची पडतात. जंतू एन्झाइम प्रचंड प्रमाणात बनवत असेल तर १२५ पुरे पडत नाही. आणि मनाला येईल तसं ते वाढवताही येत नाही, जुलाब मुख्यतः त्याच्यामुळेच लागतात. म्हणून सांगतो, ६२५ मिळाली नाही तर ३७५ च्या दोन घेऊ, हा घरचा जुगाड करू नका. ३७५ मध्येही क्लॅव्ह्युलॅनिक १२५ च असतं, दोन घेतल्या की ते दुप्पट होतं.

थोडक्यात, ती १२५ म्हणजे एका विशिष्ट कुलपाची किल्ली आहे. कुलूप तेच असेल तर सोन्यासारखं काम करते. आता काउंटरवरची तीन गिऱ्हाइकं घ्या.

पहिल्याला सर्दी आहे, नाक गळतंय, अंग दुखतंय. हा व्हायरस. त्याला ना भिंत, ना भिंतीचे रोबोट, ना एन्झाइम. गोळीतले ५०० ही वाया आणि १२५ ही वाया.

दुसऱ्याचा घसा खरोखरच जंतूनं, स्ट्रेप्टोकोकसनं धरलाय. हा जंतू बीटा-लॅक्टमेज बनवतच नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं तर साधं पेनिसिलिन किंवा साधं अमॉक्सिसिलिन पूर्ण कोर्स घेऊन पुरतं. वरची किल्ली कुलूपच नसलेल्या दाराला. पैसे जास्त, जुलाब फुकट.

तिसरा प्रेस शॉपमधला पोरगा. बोटाला पत्रा लागला, चौथ्या दिवशी पू झाला. हा बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस, आणि आज यातले बहुतेक जंतू पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम बाळगतात. इथे साधं अमॉक्सिसिलिन फुकट जाईल आणि क्लॅव्ह्युलॅनिक ते वाचवेल. पण एक मेख आहे. एमआरएसए नावाच्या स्टॅफनं भिंत जोडणारा रोबोटच बदललेला असतो. नवा रोबोट पेनिसिलिनला फशीच पडत नाही. एन्झाइम जाम केलं तरी फरक पडत नाही, कारण अडचण एन्झाइमची उरलेलीच नाही.

दोघांतला फरक डोळ्यांनी दिसत नाही, पू सारखाच दिसतो. तो कळतो पू कल्चरला पाठवल्यावर. रिपोर्टवर पेनिसिलिनपुढे आर आणि सिफॉक्सिटिनपुढे एस असेल तर एन्झाइम आहे, रोबोट जुनाच आहे, किल्ली चालेल. सिफॉक्सिटिनपुढेही आर असेल तर एमआरएसए. मग ६२५ च्या दहा स्ट्रिपा खाल्ल्या तरी बोट बरं व्हायचं नाही, डॉक्टरला औषध बदलावंच लागेल. आणि पू साचला असेल तर तो चिरा देऊन काढणं हाच मुख्य इलाज, हेही लक्षात ठेवा.

“अहो, डॉक्टरकडे गेलं तरी तो तीच गोळी लिहितो, मग फी कशाला भरू?” हा प्रश्न मला कमेंटमध्ये हमखास येणार. प्रश्न खोटा नाही. कंत्राटी पोराची एक खाडा म्हणजे एका दिवसाची रोजी गेली. त्याला मी दोष देत नाही. दोष आहे तो न तपासता हीच गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरचा आणि चिठ्ठीशिवाय विकणाऱ्याचा. हे औषध शेड्यूल एच मध्ये आहे, चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ शोभेची नाही, २०१६ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी मोहीमच काढली होती.

“माझ्या तीन गोळ्यांनी जगाचं काय बिघडतंय?” बिघडतं. आपल्या आतड्यात ई. कोलाय कायम वस्तीला असतात. सर्दीसाठी घेतलेली ६२५ त्यातले साधे जंतू मारते. उरतात ते एन्झाइमचा महापूर आणणारे, किंवा क्लॅव्ह्युलॅनिकला दाद न देणारी दुसऱ्या जातीची एन्झाइम्स बाळगणारे. एनडीएम हे त्यातलंच. ते जस्ताच्या अणूंच्या जोरावर कडं तोडतं, त्याच्याकडे तो फसणारा जबडाच नाही. अशा एन्झाइमचे जनुक पुष्कळदा एका छोट्या सुट्या कड्यावर असतात आणि एक जंतू ते शेजारच्या जंतूला देऊन टाकतो. आज तुमच्या पोटात राहिलेला तो जंतू उद्या तुमच्याच आईच्या लघवीच्या इन्फेक्शनमध्ये दिसू शकतो. दहा-बारा जण एका खोलीत, एका संडासावर राहतात त्या वस्तीत त्याला फार लांब जावं लागत नाही.

आणखी एक, लहान मुलांच्या ड्राय सिरपचं. क्लॅव्ह्युलॅनिकला ओल सोसत नाही. पाणी घालून तयार केलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि साधारण सात दिवसांत संपवायची, उरलेली फेकायची. खोलीवर फ्रिज नाही हे डॉक्टरला आधीच सांगा. खिडकीत ठेवलेल्या बाटलीत क्लॅव्ह्युलॅनिक मरतं आणि आई म्हणते औषध लागू पडत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. अन्न व औषध प्रशासनानं चाकण पट्ट्यातल्या काउंटरवर शिफ्ट सुटायच्या वेळी येऊन बघावं, सकाळी अकराला नव्हे. महापालिकेच्या वायसीएम हॉस्पिटलनं कुठल्या जंतूवर कुठलं औषध किती चालतं याचा आपला तक्ता दरवर्षी मराठीत लोकांसमोर ठेवावा. आणि पू-लघवीचं कल्चर कंत्राटी कामगाराला चाकणातच, परवडेल अशा दरात मिळावं. नाहीतर डॉक्टर अंदाजानं लिहिणार आणि पोरगं अंदाजानं गिळणार.

तोवर आजच घरातला डबा उघडा. अर्धवट कापलेली ६२५ ची स्ट्रिप असेल तर ती पुढच्या सर्दीसाठी जपून ठेवू नका. आणि डॉक्टरांनी कोर्स दिला असेल तर बरं वाटलं म्हणून त्यांना न विचारता मध्येच सोडू नका.

आणि पुढच्या वेळी कोणी “पावरची देऊ का?” म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: भाऊ, कुलूप कुठलंय ते बघितलंस का?