पासवर्ड बरोबर असूनही दार का उघडत नाही?

दहावीचा निकाल लागला की परळ, लालबाग, दादर, गिरगाव या पट्ट्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी वाढते. अकरावीचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, आधारची प्रत, सगळेच आता संगणकावर. प्रत्येक ठिकाणी एक खाते, आणि प्रत्येक खात्याला एक पासवर्ड. या दिवसांत शाळेत पालक येतात ते एकच तक्रार घेऊन: "टीचर, पासवर्ड अगदी बरोबर आहे, मेसेजमधून जसाच्या तसा उचलून टाकलाय, तरी चुकीचा म्हणतो." आमचा अनुभव असा की या पालकांपैकी पुष्कळांना पासवर्ड खरोखरच ठाऊक असतो. चूक असते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जागेत किंवा सहज नजरेतून सुटणाऱ्या एका अक्षरात. या वेळी त्याविषयीच सांगायचे आहे.

एक उदाहरण घेऊ. लालबागमधल्या एका दुकानदाराने एका मुलीचे खाते उघडून दिले. संगणकावर त्याने पासवर्ड ठेवला `noor@7315`. सगळी अक्षरे लहान, एकूण नऊ चिन्हे. मग स्वतःच्या मोबाइलवरून त्याने मुलीच्या अम्मीला व्हॉट्सअ‍ॅप केले. मेसेजची सुरुवातच पासवर्डने होती आणि पुढे "हा पासवर्ड जपून ठेवा" असे लिहिले होते. मोबाइलच्या कीबोर्डला एक सवय असते. वाक्याचे पहिले इंग्रजी अक्षर तो आपणहून मोठे करतो. त्यामुळे मेसेजमध्ये गेले `Noor@7315`. दुकानदाराने पाहिले, त्याला ते बरोबरच वाटले. वाचताना आपल्याला दोन्ही "नूर"च दिसते.

घरी अम्मीने मेसेजमधला पासवर्ड बोटाने दाबून निवडला. निवडीच्या दोन्ही टोकांना जे दोन छोटे निळे थेंब येतात, त्यांतला उजवीकडचा थेंब थोडा पुढे सरकला आणि पासवर्डनंतरची मोकळी जागा, म्हणजे स्पेस, निवडीत आली. कॉपी झाले ते असे: मोठा `N`, उरलेली आठ चिन्हे बरोबर, आणि शेवटी एक स्पेस. तीन वेळा पेस्ट केले, तीनही वेळा नकार. हे स्वाभाविकच होते. एकच चुकीची वस्तू तीनदा दिली तर उत्तर तिन्ही वेळा एकच येणार. शिवाय काही संकेतस्थळे ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते काही काळ बंद करतात. म्हणून पहिला नकार आला की तेच पुन्हा पेस्ट करू नये. आधी थांबून पाहावे.

पाहायचे कसे? पासवर्डच्या चौकोनात अक्षरांऐवजी काळे ठिपके दिसतात. एक ठिपका म्हणजे एक चिन्ह, आणि स्पेसलाही एक ठिपका मिळतो. `noor@7315` ची चिन्हे मोजा: चार अक्षरे, एक `@`, चार आकडे. नऊ. चौकोनात ठिपके दहा दिसले, तर एक पाहुणा आत आला आहे हे नक्की. मग शेजारच्या डोळ्याच्या चित्रावर बोट ठेवा, म्हणजे अक्षरे दिसतील. सर्वांत शेवटी बोट टेकवून कर्सर तिथे आणा. कर्सरची उभी रेघ `5` ला चिकटून उभी आहे की थोडी दूर, ते पाहा. दूर असेल तर खोडायची कळ एकदा दाबा. एकही अक्षर गेले नाही, पण रेघ `5` ला येऊन चिकटली, म्हणजे स्पेस गेली. सुरुवातीलाही कर्सर नेऊन हेच तपासा, कारण कधी कधी "पासवर्ड:" या शब्दानंतरची स्पेस पुढच्या टोकाला लागून येते.

अम्मीच्या बाबतीत दहाचे नऊ ठिपके झाले, तरी नकार आलाच. कारण दुसरी चूक अजून बाकी होती. मोठा `N` खोडून लहान `n` केला आणि खाते उघडले. इथे लक्षात ठेवायचे ते असे की ठिपके मोजून स्पेस सापडते, पण मोठे-लहान अक्षर सापडत नाही. त्यासाठी डोळ्याचे चित्रच दाबावे लागते. आणि दोन्ही चुका एकाच वेळी असू शकतात. एक दुरुस्त करून काम झाले नाही म्हणून ती दुरुस्ती चुकीची ठरत नाही.

आता पालक विचारतात, "एवढीशी चूक आहे, तर संगणकाने सांगायला काय हरकत? शेवटी स्पेस आहे म्हणाला असता!" तो सांगू शकत नाही, आणि त्यामागे चांगले कारण आहे. नीट बांधलेले संकेतस्थळ आपला पासवर्ड जसाच्या तसा साठवून ठेवत नाही. तो गणिताच्या एका चक्कीतून दळून काढतो आणि जो भुगा निघतो तोच ठेवतो. याला हॅश म्हणतात. मसाला एकदा दळला की त्यातून अख्खी मिरची परत काढता येत नाही, तसा हॅशवरून पासवर्ड काढता येत नाही. म्हणून कोणी चोराने ती यादी पळवली तरी त्याच्या हाती सरळ पासवर्ड लागत नाहीत. आपण लॉगिन करताना जे टाकतो तेही त्याच चक्कीतून जाते आणि दोन भुगे ताडून पाहिले जातात. गंमत अशी की एकच अक्षर बदलले तरी निघणारा भुगा थोडासा नव्हे, पूर्णपणे वेगळा असतो. `n` चा `N` झाला किंवा एक स्पेस वाढली, तर संगणकाच्या दृष्टीने ते `noor@7315` च्या जवळपासचेही नसते. त्यामुळे "जवळजवळ बरोबर" असे उत्तर त्याच्याजवळ नसतेच. बरोबर किंवा चूक, एवढेच.

काही मोठ्या कंपन्यांनी यावर उपाय केला आहे. नकार देण्याआधी त्यांचा संगणक स्वतःच पहिले अक्षर बदलून किंवा शेवटचे जास्तीचे चिन्ह काढून पुन्हा एकदा ताडून पाहतो. 2016 मध्ये अमेरिकेत संशोधकांनी ड्रॉपबॉक्स या सेवेच्या लॉगिनवर मोजणी केली. अशा मोजक्या साध्या चुका माफ केल्या तर आणखी 3 टक्के वापरणाऱ्यांचे लॉगिन यशस्वी झाले असते, असे त्यांना आढळले. पण ही सवलत प्रत्येक संकेतस्थळ देत नाही. म्हणून एकीकडे चाललेला पासवर्ड दुसरीकडे का चालत नाही, असा गोंधळ उडतो.

जिथे माफी मुळीच नाही असे एक ठिकाण मात्र घरोघरी आहे, ते म्हणजे डाउनलोड केलेले ई-आधार. देशातले पहिले आधार 2010 मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. आज अकरावीच्या अर्जापासून शिष्यवृत्तीपर्यंत ते लागते. ई-आधारची पीडीएफ फाइल उघडायला आठ चिन्हांचा पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे, सगळी मोठी, आणि पुढे जन्मवर्षाचे चार आकडे. नाव `SHABANA` आणि जन्म 2009 चा असेल, तर पासवर्ड `SHAB2009`.

इथे कीबोर्डची सवय उलट्या बाजूने नडते. तो पहिले अक्षर मोठे करतो आणि बाकीची लहान ठेवतो. मग होते `Shab2009`, आणि फाइल उघडत नाही. म्हणून वरच्या दिशेचा बाण दोनदा पटकन दाबून मोठी अक्षरे कायम करावीत आणि मग चार अक्षरे लिहावीत. फाइल आपल्याच मोबाइलवर उघडत असल्यामुळे चुकीच्या प्रयत्नांनी खाते बंद पडण्याची भीती नाही. शांतपणे पुन्हा पाहता येते.

आपल्या घरांत आणखी एक अडचण येते ती नावांच्या इंग्रजी लिखाणाची. शाळेच्या दाखल्यावर `MOHAMMAD` असते आणि आधारवर `MOHD`. दाखल्यावर `SHEIKH`, आधारवर `SHAIKH`. पासवर्ड बनतो तो आधारवर छापलेल्या नावावरून, तिथला क्रम आणि तिथलेच स्पेलिंग धरून. त्यामुळे एकाच मुलाचा पासवर्ड `MOHA` ने सुरू होईल की `MOHD` ने, हे कार्ड हातात घेऊनच ठरवावे. पहिला शब्द चार अक्षरांपेक्षा लहान असेल तर मधली स्पेस सोडून पुढच्या शब्दातून अक्षरे घ्यायची. `SAI KUMAR` या नावाचा `SAIK` होतो, तसा `MD ASIF` चा `MDAS`. म्हणजे नावात स्पेस दिसत असली तरी पासवर्डमध्ये ती लिहायची नाही.

शेवटचा प्रकार सर्वांत फसवा. पासवर्ड पहिल्यांदा ठेवतानाच तो दुसरीकडून पेस्ट केला आणि स्पेससकट गेला, तर संकेतस्थळ "पुन्हा लिहा" म्हणते तेव्हाही आपण तेच पेस्ट करतो. दोन्ही सारखे, म्हणून तक्रार येत नाही. आता खऱ्या पासवर्डमध्येच स्पेस बसली. पुढे हाताने अगदी काळजीपूर्वक लिहिले तरी ते चूक ठरते, आणि जुन्या मेसेजमधून पेस्ट केले की मात्र उघडते. अशी उलटी लक्षणे दिसली तर एकदा शेवटी मुद्दाम स्पेस देऊन पाहावे. उघडले की लगेच नवा पासवर्ड ठेवावा, आणि तो पेस्ट न करता हाताने, डोळ्याचे चित्र उघडून लिहावा. दुकानात खाते उघडले असेल तर नवा पासवर्ड तसाही ठेवायलाच हवा, कारण जुना दुकानदाराच्या मोबाइलमध्ये राहिलेला असतो.

कोणाला पासवर्ड लिहून द्यायचाच झाला, तर तो वेगळ्या ओळीवर एकटा लिहावा, मागेपुढे काही शब्द न ठेवता. पाठवण्यापूर्वी पहिले अक्षर पाहावे. खाली एक ओळ जोडावी: "सगळी अक्षरे लहान, एकूण नऊ चिन्हे." आणि घरच्या मोबाइलच्या कीबोर्डची सेटिंग उघडून `Auto-capitalization` बंद केले, तर पहिले अक्षर आपोआप मोठे होण्याची कटकटच मिटते.