बाळंतविडा सव्वा महिन्यानंतर न्या

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत बाळंतविडा अजून हौसेनं नेतात. झबली, टोपडी, दुपटी, आणि सोबत डिंकाच्या लाडवांचा डबा. शेजारच्या गुजराती बेन काटलूं घेऊन येतात ते वेगळंच. हे सगळं पहिल्या दहा-बारा दिवसांत येऊन पडतं. झबली दोन महिन्यांत आखूड होतात आणि लाडू खाऊन संपत नाहीत.

माझं म्हणणं असं, की जिवलग मैत्रिणीला मूल झालं तर विडा सव्वा महिन्यानंतर न्यावा, आणि तो आईबापांसाठी असावा. कारण साधं आहे. सव्वा महिना झाला की मदतीला आलेली आई नाहीतर सासूबाई परत जातात, मालीशवाली बंद होते. आणि बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यातच सगळ्यात जास्त असतं. घरात माणसं उरतात दोन, आणि दोघंही जागरणानं पेंगुळलेले.

दांडिया बाजारातल्या माझ्या मैत्रिणीकडे मी महिनाभर दर मंगळवारी आणि शुक्रवारी डबा दिला. वरण-भात, एक भाजी, पोळ्या, आणि वेगळे आठ-दहा ठेपले. ठेपला दोन दिवस टिकतो आणि गुंडाळी करून एका हातानं खाता येतो. दुसऱ्या हातात बाळ असतं ना! गोड न्यायचंच तर अळिवाचे चार लाडू पुरेत. त्यात ओलं खोबरं असतं, म्हणून ते डिंकाच्या लाडवांसारखे टिकत नाहीत, फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावे लागतात.

आता डब्याचं. आपल्यात रिकामा डबा परत करत नाहीत. म्हणजे तुमच्या स्टीलच्या डब्यात घालायला काहीतरी करणं हे त्या बिचारीला नवं काम! म्हणून मी श्रीखंडाचे रिकामे प्लास्टिकचे डबे वापरले, गार झालेलं जेवण त्यात भरलं, आणि "हे परत नकोत" असं आधीच सांगितलं.

"काय आणू गं?" असं विचारू नये. उत्तर "काही नको" हेच येतं. "उद्या साडेसहाला डबा दाराशी ठेवते, बेल वाजवणार नाही" असं सांगावं.

दुसरी भेट झोपेची. बाळ दर दोन-तीन तासांनी पितं, म्हणून पाजण्याच्या वेळेला पोचायचं. पाजून झालं की बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर आपण काढायची, आणि दोघांनाही आतल्या खोलीत पाठवायचं. नवऱ्यालाही, तो "मी ठीक आहे" म्हणाला तरी. दीड तास तरी मिळतो. तेवढ्यात ओट्यावरची भांडी घासून होतात. मात्र सर्दी-खोकला असेल तर त्या आठवड्यात डबा बाहेरूनच द्यावा, बाळाला हात लावू नये.

बाळाला या भेटी कळणार नाहीत. आईबापांना मात्र पक्क्या लक्षात राहतात. इंदूर, बेळगावकडच्या मंडळींनो, तुमच्याकडे बाळंतविड्यात बापासाठी काही असतं का हो?